डेड हँग: हात सुटेपर्यंत एकदाच, की थोडं थोडं पाच वेळा?

बारला लटकायला लागलं की पहिला प्रश्न हाच, किती सेकंद? बरेच जण टायमर लावून हात सुटेपर्यंत लटकतात, दुसऱ्या दिवशी दोन सेकंद जास्त करायला बघतात. दुसरी पद्धत म्हणजे दमायच्या बरंच आधी उतरायचं, एक-दीड मिनिट थांबायचं आणि परत धरायचं. मी दोन्ही केल्यात, आणि खांदे मोकळे व्हावेत म्हणून करत असाल तर मी दुसरीच सांगेन.

कारण लटकताना खांद्याच्या आधी पकड जाते. बोटं मिटणारे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात, घट्ट धरून ठेवलं की त्यांचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि तिथे आग व्हायला लागते. मिनिटभर हात खाली सोडले की रक्त परत फिरतं, मग पुढचा सेट नीट होतो.

माझ्या मावसभावाचं बघा, त्याचा हात २४ सेकंदांनी सुटायचा. शेवटच्या सात-आठ सेकंदांत बार तळव्यातून घसरत बोटांच्या टोकाला यायचा, श्वास रोखलेला, खांदे आखडलेले, म्हणजे खांद्याला हवा तो ताण मिळायचा जेमतेम १६-१७ सेकंद. मग १२ सेकंदांचे पाच सेट, आठवड्यातून चार दिवस असं सुरू केलं, तर एका दिवसात पूर्ण ६० सेकंद झाले आणि तेही श्वास चालू ठेवून. दर आठवड्याला प्रत्येक सेटमध्ये २ सेकंद वाढवत महिन्याभरात तो २० वर आला.

लांब होल्ड वाईट आहे असं नाही हं, पकड जास्त वेळ टिकवायची असेल तर तो हवाच, पण आठवड्यातून एकदा पुरे. आणि एकदा सलग ६० सेकंद आरामात जमले की पुढे नुसता वेळ वाढवून दम वाढतो, ताकद फारशी नाही. ताकदीसाठी बारवर टॉवेल टाकून तो धरा, किंवा कमरेला थोडं वजन बांधून पुन्हा १०-१५ सेकंदांवर या.

सुरुवातीला पाय स्टुलावर टेकवून अर्धंच वजन हातांवर घेतलं तरी चालतं. काखेत आणि बरगड्यांच्या बाजूला ताण जाणवला तर बरोबर चाललंय, पण खांद्याच्या वर किंवा पुढे टोचलं, बोटांना मुंग्या आल्या, तर सेकंद मोजत बसू नका, उतरा. ज्यांचा खांदा पूर्वी निखळलाय त्यांनी फिजिओला विचारल्याशिवाय अंग सैल सोडून लटकूच नये, कारण तेव्हा सांध्याला धरून ठेवणारे स्नायूही सैल असतात. आणि उतरताना उडी मारू नका, पाय स्टुलावर ठेवून मगच हात सोडा, कारण एक हात आधी सुटला तर सगळं वजन झटक्यात दुसऱ्या खांद्यावर येतं.