एकूण चर्न की गटवार चर्न?

महिन्याच्या सुरुवातीला 1000 ग्राहक होते आणि त्यांतले 60 महिनाभरात गेले, तर एकूण चर्न, म्हणजे सेवा सोडून गेलेल्या ग्राहकांचं प्रमाण, 6 टक्के. त्याच महिन्यात आलेले 400 नवे ग्राहक भागाकारात धरायचे नाहीत. धरले तर दर उगाच कमी दिसतो. हिशेब दोन मिनिटांचा, आणि पुढच्या महिन्याच्या उत्पन्नाचा ढोबळ अंदाज बांधायला तो पुरतो.

ग्राहक का जातात हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी तेच 1000 जण सामील झाल्याच्या महिन्यानुसार वेगळे करा. समजा, 200 जण गेल्या महिन्यात आलेले होते आणि त्यांतले 40 गेले: 20 टक्के. जुन्या 800 पैकी 20 गेले: अडीच टक्के. पुढच्या महिन्यात जुने 940, नवे 400. दोन्ही गटांचे दर तेच राहिले तरी एकूण चर्न जवळपास 7.7 टक्क्यांवर जातो. सेवा बिघडलेली नाही, फक्त नव्यांचं प्रमाण वाढलंय! एकूण आकडा इथे सरळ दिशाभूल करतो.

म्हणून कारण शोधताना मी गटवार चर्नच निवडेन. नवे जात असतील तर त्यांनी पहिल्या आठवड्यात सेवा वापरली का, हे आधी तपासा. जुन्यांमध्ये स्वतः रद्द करणारे आणि कार्डाची मुदत संपल्याने पैसे न कापले गेलेले वेगळे काढा. दुसऱ्यांना बहुधा एक आठवण पुरते. गट अगदी लहान असेल, तर दोन-तीन महिने एकत्र करून पाहा.