दुमडलेलं ऑम्लेट फुगवायचं कसं: अख्खी अंडी फेटून की पांढरं वेगळं काढून?

'फुगीर ऑम्लेट' म्हटलं की दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळे पदार्थ येतात. एकाला हवं असतं वरून पिवळंधमक, डाग नसलेलं आणि मधोमध कापलं की आत मलईसारखं ओलसर. दुसऱ्याला हवं असतं दोन बोटं उंचीचं, दाबलं तर हळूच दबणारं, जिभेवर फेसासारखं विरणारं. दोन्ही दुमडूनच वाढतात आणि दोन्हींना तीच तीन अंडी लागतात. पण आच, फेटणं आणि वेळ या तिन्ही बाबतींत दोघांचे नियम जवळपास उलटे आहेत. घोळ होतो तो दोन्हींचे सल्ले एकत्र कालवल्यामुळे.

तुलना सरळ व्हावी म्हणून दोन्हीकडे तीन अंडी, एक मोठा चमचा लोणी आणि तळाशी सुमारे 20 सेंटिमीटर रुंद असा नॉनस्टिक पॅन धरू. पॅनचं माप किरकोळ वाटतं, पण तसं नाही. त्याच तीन अंड्यांसाठी 26 सेंटिमीटरचा पॅन घेतला तर थर इतका पातळ पसरतो की ढवळायच्या आतच तो खालपासून वरपर्यंत घट्ट होतो. मग मऊ मध्य उरतच नाही.

आधी अख्ख्या अंड्यांची रीत. इथे फुगीरपणा हवेतून कमी आणि वाफेतून व मऊ गुठळ्यांच्या थरांतून जास्त येतो. म्हणून फेस येईस्तोवर फेटायची गरज नाही. काट्याने तीस-चाळीस फटके पुरतात. काटा उचलल्यावर पांढऱ्याची तार लोंबत नसेल आणि रंग एकसारखा असेल, तर थांबा. पांढऱ्याचा गोळा तसाच राहिला तर ऑम्लेटवर रबरी चट्टा उमटतो. मीठ मात्र आधीच, पंधराएक मिनिटं अगोदर घालून ठेवा. मिश्रण थोडं गडद आणि पातळ दिसेल. घाबरू नका, ते बिघडलेलं नाही. मिठामुळे शिजताना प्रथिनं एकमेकांना फार करकचून धरत नाहीत, म्हणून ऑम्लेट मऊ राहतं आणि ताटलीत पाणीही कमी सुटतं.

या रीतीला आच मध्यम किंवा त्याहून किंचित वर लागते, आणि ती ओळखायला लोण्याइतकं चांगलं साधन नाही. लोण्याला फेस येतो, कारण त्यातलं पाणी उडत असतं. फेस बसू लागला आणि तडतड कमी झाली, पण रंग अजून पिवळाच आहे, तो क्षण अंडी ओतायचा. लोणी तपकिरी झालं तर उशीर झाला. पॅन खाली उतरवून अर्धा मिनिट थांबा.

ओतल्यावर पहिले वीस-पंचवीस सेकंद काट्याच्या पाठीने किंवा मऊ उलथन्याने सतत ढवळा, दुसऱ्या हाताने पॅन हलवत राहा. बारीक गुठळ्या होतील आणि त्यांच्यामध्ये ओलं अंडं राहील. मग ढवळणं बंद करून दहा-पंधरा सेकंद तळ धरू द्या. पॅन तिरपा केल्यावर वरचा भाग चमकतोय, पण वाहत नाही, अशी स्थिती आली की गॅस बंद करून दुमडा. फेटलेलं अंडं साधारण 70 ते 73 अंशांच्या आसपास घट्ट होतं, आणि पॅनमध्ये व ऑम्लेटमध्ये साठलेली उष्णता पुढचं अर्धं मिनिट काम करतच राहते. पॅनमध्ये 'बरोबर झालं' असं वाटलं, तर ताटलीत ते जास्त झालेलं असतं. ओतल्यापासून दुमडेपर्यंत सगळं मिळून एका मिनिटाच्या आत. या घाईत फोन उचलला की कार्यक्रम संपला.

दुसरी रीत पांढरं वेगळं काढून. इथे फुगीरपणा पूर्णपणे फेटून भरलेल्या हवेचा. बलकाचा थेंब जरी पांढऱ्यात पडला तरी त्यातल्या स्निग्धांशामुळे फेस नीट धरत नाही. म्हणून अंडी गार असतानाच फोडून वेगळी करा, पण पांढरं थोडं साध्या तापमानाला आल्यावर फेटा, फेस लवकर येतो. लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब घातले तर फेस टिकतो. मीठ पांढऱ्यात नको, बलकात घाला. व्हिस्क उचलल्यावर टोक उभं राहून पुढे वाकलं पाहिजे. ते ताठ, कोरडं आणि गुठळीदार दिसू लागलं तर तुम्ही पुढे गेलात. तो फेस बलकात मिसळताना तुटतो, मग जास्त ढवळावं लागतं आणि भरलेली हवा निघून जाते. आधी एक तृतीयांश फेस बलकात बिनधास्त मिसळून बलक सैल करा, उरलेला हलक्या हाताने खालून वर उलटवत मिसळा. पांढऱ्या दोन-चार रेघा राहिल्या तर राहू द्या.

आच इथे मंद ते मध्यम, कारण फेसातले बुडबुडे उष्णता अडवतात. ती खालून वर फार सावकाश चढते. पहिल्या रीतीची आच लावलीत तर तळ करपतो आणि वरचा दोन बोटांचा थर कच्चाच राहतो. या प्रकारात सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. ढवळायचं अजिबात नाही. पसरून झाकण ठेवा, तीन ते चार मिनिटं. वाफेने वरचा भाग शिजतो. बोटाने हलकं टेकवल्यावर बोटाला फेस चिकटला नाही, पण पृष्ठभाग अजून लवचिक वाटला, की मधोमध उलथन्याच्या कडेने हलकी रेघ ओढून दुमडा. रेघ न ओढता दुमडलं तर वरचा भाग तडकतो.

मग निवडायचं कोणतं? आत ओलसर, मलईदार मध्य हवा असेल तर पहिलीच रीत. दुसऱ्या रीतीत मध्य 'मऊ' असतो, पण ओला नसतो, आणि ओला ठेवायला गेलात तर तो न शिजलेला फेस असतो, मलई नव्हे. माझं मत विचाराल तर रोजच्यासाठी पहिलीच, कारण भांडी कमी पडतात आणि तीन-चार वेळा बिघडवल्यावर हात बसतो. दुसरी दिसायला भारी, पण ती ताटलीत दोन-तीन मिनिटांतच बसायला लागते. खाणारा आधी टेबलाशी हवा, ऑम्लेट नंतर.

लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसं खाणार असतील तर ओलसर मध्याचा हट्ट सोडा आणि आतपर्यंत पूर्ण घट्ट होऊ द्या. अशा वेळी दुसरी रीत बाजी मारते, कारण पूर्ण शिजूनही ती कोरडी वाटत नाही. अख्ख्या अंड्यांचं ऑम्लेट पूर्ण शिजवलं की चामट होण्याकडे झुकतं.

आत काही भरायचं असेल तर फेसाच्या ऑम्लेटवर ओझं टाकू नका. किसलेलं चीज चमचाभर चालेल, ओल्या भाज्या घातल्या तर थर बसतो. अख्ख्या अंड्यांच्या ऑम्लेटमध्ये भरणं आधी शिजवून, पाणी आटवून, कोमट करून ठेवा आणि ढवळणं थांबवल्याबरोबर मधल्या पट्टीवर पसरा. थंड भरणं घातलं तर मध्य त्याला ऊब देण्यातच अडकतो आणि कडा तोवर कडक होतात.