नोकरीत असतानाच शिकायचं की बाहेर पडल्यावर?

सैन्याच्या पुरवठा विभागातला अडतिसाव्या वर्षी निवृत्त होणारा एक जवान घ्या. त्याला गोदाम व्यवस्थापनाचा ३०० तासांचा अभ्यासक्रम करायचा आहे. नोकरीत असताना आठवड्याला ५ तास मिळाले तर ६० आठवडे लागतात. त्यात सराव, बदली आणि रात्रपाळी येणारच, म्हणून दोन वर्षं आधी सुरुवात केलेली बरी. बाहेर पडल्यावर आठवड्याला ३० तास दिले तर हेच काम १० आठवड्यांत उरकतं.

मग दुसरा मार्ग सोपा वाटतो. पण त्या १० आठवड्यांत पगार नसतो आणि खरा नोकरीचा शोध त्यानंतरच सुरू होतो. पहिल्या मार्गात एक मोठा फायदा आहे: आज शिकलेलं उद्या स्वतःच्याच गोदामात वापरून पाहता येतं. मुलाखतीत ‘स्टोअर सांभाळलं’ एवढंच सांगून भागत नाही. किती वस्तू होत्या, मोजणीत तफावत किती आली, ती कशी कमी केली, हे सांगावं लागतं. गोपनीय तपशील अर्थातच वगळून. हे आकडे नोकरीत असतानाच नोंदवून ठेवायचे, नंतर आठवत नाहीत.

जवानासारखंच खेळाडूलाही लवकर निवृत्त होऊन दुसरं काम शोधावं लागतं, पण त्याला निवृत्तीची तारीख माहीत नसते. एक गुडघा गेला की संपलं. त्यामुळे त्याने दुसऱ्या मार्गाचा विचारच करू नये, असं मला वाटतं. दुखापतीतून सावरण्याचे महिने तर अभ्यासासाठी आयतेच मिळतात.

जवानाने दुसरा मार्ग निवडलाच, तर निदान सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवावा.