12 सीटर ट्रॅव्हलर, नऊ महिने, 41 हजार किलोमीटर: सीट नाही, मागची जागा मोजा

आमचं कराडला छोटं भाड्याचं काम आहे, आधी दोन अर्टिगा होत्या. लग्नसराईत एकाच घरातून "दोन गाड्या द्या" असे फोन यायचे, म्हणजे दोन ड्रायव्हर, दोनदा डिझेल, आणि वर एक गाडी पुढे गेली की मागचे फोनवर फोन करणार, "कुठं थांबलाय ओ?" म्हणून गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी 12+1 एसी ट्रॅव्हलर घेतली. 12 घ्यायची का 17 यावर धाकट्या भावाशी महिनाभर वाद झाला, तो 17 म्हणत होता, मी 12. आता दोघांचं म्हणणं अर्धं अर्धं बरोबर निघालंय.

माझा मुद्दा कागदांचा होता. ड्रायव्हर सोडून 12 पर्यंत माणसं असली की गाडी कायद्यात मॅक्सीकॅब धरतात, त्यापुढं बस. राज्याचा टॅक्सही सीटवर असतो त्यामुळं 12 ला थोडा कमी. पण आपल्याकडची यात्रा राज्यात राहते कुठं? गाणगापूर कर्नाटकात, सौंदत्तीची यल्लम्मा कर्नाटकात, लग्नं निम्मी बेळगाव निपाणीकडं. मला सांगितलेलं की महाराष्ट्राचं परमिट बास होतंय, आणि पहिल्याच महिन्यात तीन ट्रिपा गाणगापूरच्या लागल्या, प्रत्येक वेळी तिकडचा टॅक्स वेगळा भरला. शेवटी ऑल इंडिया परमिट काढलं, आणि तिथं कळलं की 10 सीटपासून 23 च्या आतल्या सगळ्या गाड्या एकाच स्लॅबमध्ये. म्हणजे त्या खर्चात 12 आणि 17 ला फरक शून्य, भाऊ अजून टोमणे मारतोय. तिमाहीचंही निघतं ते, सीझनपुरतं काढायचं असेल तर विचारून घ्या.

आता मूळ गोष्ट. शोरूमला गेलो तर सगळे सीटच बघतात, पुशबॅक किती मागं जातं, चार्जिंग पॉइंट आहे का, टीव्ही केवढा. मी पण तेच केलं. शेवटच्या रांगेच्या पाठीमागं किती जागा उरते हे मी बघितलंच नाही. आमची गाडी आखूड व्हीलबेसची, त्यात पुशबॅक सीटच्या चार रांगा बसवल्या की मागच्या दारापर्यंत वीतभर जागा राहते, एक बॅग उभी राहील कशीबशी. अष्टविनायकाला बारा माणसं म्हणजे बारा बॅगा, वर पाण्याचा जार, डबे, कुणाची तरी फोल्डिंग खुर्ची. ते सगळं कॅरिअरवर, ताडपत्री, दोरी, आणि प्रत्येक मुक्कामाला आमचे ड्रायव्हर मामा शिडीवर. वय 52 आहे त्यांचं.

लग्नात तर याहून वाईट. कॅरिअरवर बॅगा जातात, रुखवत जात नाही. थर्माकोलचा बंगला, लाडवांची ताटं, ती मातीची बैलगाडी, हे कोण वर बांधू देणार? फेब्रुवारीत इस्लामपूरच्या एका लग्नात मागची चार सीटं रुखवतानं भरली आणि आठच माणसं बसली, उरलेल्या चौघांसाठी अर्टिगा पाठवली ती पण फुकट, कारण मी फोनवर "12 माणसं आरामात" असं बोललो होतो. आता बुकिंगलाच विचारतो, ताई रुखवत आहे का, आहे तर माणसं नऊ धरा.

लांब व्हीलबेसच्या बॉडीत 12 सीट बसवून घेतल्या असत्या तर हे झालंच नसतं. किंमत वाढते, पण मागं खरी डिकी मिळते आणि कागदोपत्री गाडी 12 चीच राहते, फक्त हे बुकिंगच्या वेळीच ठरवायचं. नंतर सीट काढणं, घालणं, मधल्या पॅसेजमध्ये फोल्डिंग सीट टाकणं असले उद्योग करू नका, आरसीवर जेवढ्या सीट तेवढ्याच, नाहीतर अपघाताच्या क्लेममध्ये विमावाला तेच पहिलं काढतो. तुम्ही जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि शेवटची सीट पूर्ण मागं पाडून मग मोजा, सरळ असताना मोजू नका. मोठी ट्रॅव्हल बॅग सोबत नेली तरी चालेल, लोक हसतील.

डिझेलचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. यात्रेला एसी चालू ठेवून दहाच्या आसपास मिळतं. एक अष्टविनायक ट्रिप, दोन दिवस, 780 किलोमीटर, दर 22 रुपये, म्हणजे 17,160 आणि ड्रायव्हर भत्ता वेगळा. डिझेल लागलं 78 लिटर, साधारण 7,100 रुपये. टोल पार्किंग गिऱ्हाईकाचं. उरले दहा हजार, त्यातनं हप्ता, टायर, सर्व्हिसिंग. बरं आहे.

लग्नाचा हिशेब मात्र मी सुरुवातीला साफ चुकवला. 140 किलोमीटरचं भाडं, म्हटलं 14 लिटर, संपला विषय. टाकी फुल करून गेलो, आल्यावर परत फुल केली तर 19 लिटर बसलं. पाच लिटर कुठं गेलं? तर कार्यालयाबाहेर गाडी चार तास एसी लावून उभी होती, आत दोन आज्या आणि एक तान्हं बाळ. त्यांना उतरा म्हणणार कोण! आता लग्नाच्या पॅकेजला उभ्या गाडीच्या एसीचे तासाला दीडशे वेगळे सांगतो, आधीच सांगितलं तर कुणी भांडत नाही.

उभ्या इंजिनाचा दुसरा त्रास डीपीएफचा. बीएस 6 डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी धरणारी जाळी असते, ती काजळी जळायला गाडी गरम होऊन सलग पळावी लागते. लग्नाच्या सीझनात गाडी उभी तरी किंवा गावातल्या गावात, त्यामुळं एप्रिलमध्ये दिवा लागला, पिकअप पडला. घाबरून वर्कशॉपला निघालो, हायवेला पंचवीस मिनिटं एका वेगानं चालवली तर पोचायच्या आत दिवा गेला. आता दोन लग्नं लागोपाठ झाली की मामा रिकामी गाडी साताऱ्यापर्यंत नेऊन आणतात. दिवा दुर्लक्ष करून तसंच उभं ठेवलं तर मात्र खर्च मोठा निघतो, एका मित्राला बसलाय.

बाकी, स्पीड गव्हर्नर 80 चा असतो, त्यामुळं गिऱ्हाईकाला कारच्या हिशेबानं वेळ सांगू नका, काकड आरती गाठायची असेल तर आदल्या रात्रीच निघा. मागं पाटे आहेत, शेवटची रांग खड्ड्यात उडते, कंबरदुखीवाल्यांना पुढं बसवा. एसी शेवटच्या रांगेला मे महिन्यात कमी पडतो, निघायच्या आधी वीस मिनिटं चालू ठेवला तर निभतं. कॅरिअरसकट गाडी उंच होते, हॉटेलच्या बेसमेंट पार्किंगचं नाव काढू नका, आणि मंडपाची कमान दिसली की आधी उतरून बघा, आम्ही एकदा फुलांची झालर घेऊन आत गेलोय.

भावाचं 17 वालं म्हणणं? वहीत फोन लिहून ठेवतो मी. लग्नाचे बरेच फोन "17 आहे का" म्हणूनच येतात, ते जातात हातचे. पण यात्रेला उलटं, एक भजनी मंडळ किंवा दोन जावांची कुटुंबं, दहा अकरा माणसं, त्यांना 17 चा दर परवडत नाही. शिवाय थेऊर, पालीकडच्या गल्ल्यांत गर्दीच्या दिवशी ही आखूड गाडी वळते तेव्हा मामा खूश असतात, शिडी विसरतात तेवढ्यापुरती. दुसरी गाडी दिवाळीत घ्यायचं चाललंय, लांब व्हीलबेस, 12 सीट, मागं डिकी. भाऊ म्हणतोय एवढी लांब घेतोच आहेस तर 17 च बसव.