क्रमांकी संदर्भांत नवा स्रोत घालताना: हाताने, वर्डमध्ये की झोटेरोत?

व्हँकुव्हर किंवा आयट्रिपलई या क्रमांकी संदर्भपद्धतींत सूचीतली नोंद शोधण्यासाठी वाचकाजवळ एकच खूण असते, ती म्हणजे क्रमांक. म्हणून जो स्रोत मजकुरात आधी येतो त्याला आधीचा क्रमांक मिळतो, आणि तो पुढे कितीदाही आला तरी तोच क्रमांक टिकतो. वाचताना नवे आकडे एकेकाने चढत गेले पाहिजेत. सहानंतर थेट नऊ दिसला, तर सात आणि आठ गळाले किंवा जागा चुकली, हे लगेच कळते.

सांगलीतील एका विद्यार्थिनीचा हळद वाळवण्याच्या पद्धतींवरील प्रबंध मी तपासत होतो. त्यात २४ संदर्भ होते आणि सहाव्यानंतर, सातव्याच्या आधी, एक नवा लेख घालायचा होता. तो ७ झाला, आणि जुने ७ ते २४ हे ८ ते २५ झाले.

हाताने बदलायचे असेल तर शेवटापासून सुरुवात करावी: आधी २४ चे २५, मग २३ चे २४, असे सातापर्यंत. पुढून सुरुवात केली तर ७ चा झालेला ८ पुढच्या फेरीत ९ होतो आणि सगळे एकमेकांत मिसळते. खरा धोका मात्र पल्ल्यांत असतो. पुढच्या प्रकरणात [५–८] असे होते. टोकाचा आकडा बदलल्यावर ते [५–९] झाले आणि जिथे नव्या लेखाचा संबंधच नव्हता तिथे तो शिरला. बरोबर रूप [५, ६, ८, ९] होते. शिवाय पल्ल्यात लपलेला ६ किंवा ७ शोधखिडकीत सापडतच नाही.

वर्डमध्ये क्रमांकित यादी करून `Cross-reference` ने आकडे जोडले, तर नवी नोंद यादीत योग्य जागी घालून `Ctrl+A` आणि `F9` दाबल्यावर मजकुरातले आकडे सुधारतात. पण ती जागा आपणच ठरवायची असते, आणि ५ व ८ ही दोन टोके जोडून मधे रेघ टाइप केली असेल तर तिथेही [५–९] हीच चूक होते.

झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चारही स्रोत एकाच उद्धरणात घातले असतील तर पल्ला आपोआप तुटतो आणि यादीचा क्रमही तोच लावतो. नवा वाटणारा लेख आधीच पंधराव्या क्रमांकावर असला, म्हणजे १५ चा ७ आणि ७ ते १४ चे ८ ते १५ होणार असले, तरी तो ते सांभाळतो. हाताने हे करणे फार अवघड जाते. मर्यादा एवढीच की कोणी हाताने टाइप केलेला आकडा त्याला दिसत नाही. आकड्यावर क्लिक केल्यावर मागे करडी छटा आली नाही, तर तो तसलाच समजावा.

दहा-बारा संदर्भांच्या, एकदाच बदलणाऱ्या लेखाला हात पुरतो. मार्गदर्शकांकडे पुन्हा जाणाऱ्या प्रबंधासाठी मी झोटेरोच सुचवेन, तेही पहिल्या प्रकरणापासूनच.