पांढरं की अख्खं अंडं?

चरबी कमी करायची म्हणून पिवळं बलक सरसकट फेकू नका. एका मोठ्या अंड्यात साधारण 70 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रोटीन असतं; नुसत्या पांढऱ्यात 17 कॅलरी आणि साडेतीन ग्रॅम. म्हणजे जवळपास निम्मं प्रोटीन बलकातच, शिवाय व्हिटॅमिन डी, बी12 आणि कोलीन हे पोषकद्रव्यही मुख्यतः तिथेच.

मला दोन्हींचा मेळ पटतो. चार अख्खी अंडी म्हणजे सुमारे 285 कॅलरी, 25 ग्रॅम प्रोटीन. त्याऐवजी दोन अख्खी आणि चार पांढरी घेतली, तर 210 कॅलरीत 27 ग्रॅम मिळतं, आणि ऑम्लेट नुसत्या पांढऱ्याच्या ऑम्लेटसारखं रबरी, चिवटही होत नाही. फक्त तव्यावर मोठा चमचाभर तेल ओतलंत तर वाचलेल्या 75 कॅलरी तिथेच गेल्या!

निरोगी माणसाला रोज एक-दोन अख्खी पुरेत. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं किंवा मधुमेह असेल, तर बलकांची संख्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.