राउटर भाड्यानं की स्वतःचा? गणपतीपासून वळवापर्यंतचा अनुभव

आमचं घर खानापूर तालुक्यात, फायबर लोकल केबलवाल्याकडचं, १०० एमबीपीएसचा प्लॅन. पहिल्यापासून त्याचाच वायफाय राउटर होता, भाडं महिन्याला १०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ११८. बिलात हे बारीक दिसतं म्हणून कोण बघतच नाही, पण चार वर्षांचे ४८ महिने धरले तर ५,६६४ होतात की ओ! आणि तो डबा सिंगल बँड, आमच्या दगडी भिंतीपलीकडं रेंजच नाही.

गणपतीच्या आधी मी बेळगावातनं १,९०० चा ड्युअल बँड राउटर आणला. केबलवाल्याचा बिनवायफायचा छोटा ओएनयू डिपॉझिटवर तसाच ठेवला, कारण फायबर त्यातच येते आणि त्याचा नंबर त्यांच्याकडं रजिस्टर असतोय, बाहेरनं आणलेला तसाच जोडून चालत नाही. ओएनयूमधनं केबल माझ्या राउटरला, त्यात नेटच्या लॉगिनचा म्हणजे पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड टाकला, झालं. (हा पासवर्ड जोडणीच्या दिवशीच मागून लिहून ठेवा.) सतराव्या महिन्यात पैसे वसूल होतात. समजा तीन वर्षांची वॉरंटी संपल्यावर तो गेला आणि दुसरा तेवढ्याचाच घेतला तरी ३,८०० च.

आता सपोर्टचं. नेट गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं, "राउटर तुमचा हाय, तुम्हीच बघा." म्हणून फोन लावायच्या आधी मी ओएनयू बघतो. त्यावरचा एलओएसचा दिवा लाल असला तर फायबरचा घोळ, तो त्यांचाच, मग वाद नाही. लाल नाही, पीऑनचा दिवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर केबल राउटरमधनं काढून लॅपटॉपला लावायची आणि तोच पीपीपीओई लॅपटॉपवर डायल करायचा. तिथं चाललं तर राउटर आपलाच बिघडलाय, तिथंही नाही चाललं तर रिचार्ज बघायचा नाहीतर त्यांना सांगायचं. एवढं सांगितलं की पोरगं मुकाट येतंय.

खरी भीती वळवाची. काचेच्या तारेतनं करंट येत नाही, तो येतोय लाईटच्या अडॅप्टरमधनं, त्यामुळं ढग वाजायच्या आधीच दोन्ही पिना काढून ठेवतो. विजेनं जळालेला राउटर वॉरंटीत सहसा धरत नाहीत. भाड्याचा जळला तर आमचा केबलवाला संध्याकाळपर्यंत दुसरा आणून लावायचा, ते सुख गेलं हे खरंच आहे. म्हणूनच नंदगडला मावशी एकटी राहते तिचा भाड्याचाच राहू दिलाय, पिना काढणं नि लॅपटॉप लावणं तिला कुठलं जमायचं!

आणि जुना डबा परत देताना पावती घ्याच. माझं भाडं पुढच्या बिलातही लागून आलं होतं, पावतीचा फोटो पाठवल्यावर ते कमी केलं.